भयपटाची भीती वाटते? मग या क्रमाने बघा

"एखादा चांगला भयपट सुचव ना, पण फार भीतीदायक नको," असं कुणी ग्रुपवर विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: 'द कॉन्ज्युरिंग'. का, तर त्यात रक्तबिक्त फारसं नाही. नवख्या माणसाला या वाटेवरून कायमचं पळवून लावायचं असेल तर याहून चांगला सल्ला नाही. २०१३च्या त्या सिनेमाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे मोठ्यांच्या सोबतीशिवाय सतरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. निर्मात्यांच्या सांगण्यानुसार अडचण एखाद्या दृश्याची नव्हतीच, सिनेमा आख्खाच फार भीतीदायक होता, त्यामुळे काय कापावं हेही सांगता येईना.

रक्त नाही म्हणजे सिनेमा सौम्य, हा समज आधी डोक्यातून काढा. मी स्वतः घाबरट प्रेक्षक. लहानपणी टीव्हीवरच्या भुतांच्या मालिकांचं शीर्षकसंगीत लागलं की स्वयंपाकघरात पळणारा. आता हे सिनेमे आवडीने बघतो. मधली वाट कशी काढायची ते खाली लिहितोय. सिनेमे मोजकेच घेतले आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

१. तुमची भीती कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा

भयपट प्रेक्षकाला तीन वेगवेगळ्या मार्गांनी गाठतो. पहिला मार्ग ताणाचा: काहीतरी होणार हे कळलंय, पण होत नाहीये. दुसरा दचक्याचा: शांततेत एकदम आवाज, एकदम चेहरा. तिसरा रक्त आणि किळसेचा: जखम, तुटलेलं शरीर, कुजकं काहीतरी. एखाद्याला ताण सहज झेपतो पण दचका मुळीच नको असतो. एखादी डॉक्टर मैत्रीण रक्त बघून जराही बिचकत नाही, पण रिकाम्या पाळण्याचं दृश्य लागलं की उठून जाते.

तेव्हा आजवर ज्या सिनेमाने त्रास दिला तो आठवा आणि नेमका त्रास काय झाला ते बघा. सिनेमा संपताक्षणी बरं वाटलं असेल तर तुम्हाला दचक्याचा त्रास आहे. घरी येऊन रात्री बाथरूमला जाताना भीती वाटली असेल तर ताणाचा. आणि बघता बघता घाम फुटला, कानात घूं घूं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर तो रक्ताचा. या तिसऱ्याबद्दल सहाव्या भागात सविस्तर लिहिलंय, कारण ती भीती शरीरात वेगळ्या रीतीने चालते.

नियम एकच: एका वेळी एकच मार्ग वाढवायचा. ताणाची सवय होत असताना त्यात दचके नकोत, दचक्यांची सवय होत असताना रक्त नको. बाजारातले बहुतेक भयपट तिन्ही एकदम देतात, म्हणून निवड काळजीपूर्वक करावी लागते.

२. बसण्याआधीची तयारी

हे हाताशी ठेवा:

- मोकळी दुपार किंवा लवकरची संध्याकाळ. सिनेमा संपल्यावर झोपायला निदान तीन-चार तास हवेत.
- टीव्ही किंवा लॅपटॉप, आवाज स्पीकरवर. हेडफोन नको. हेडफोनमध्ये दाराची करकर अगदी कानामागे वाजते, तो अनुभव नंतर कधीतरी घ्या.
- आवाज कमी-जास्त करायला रिमोट हातात. उशीपेक्षा जास्त उपयोगी.
- सबटायटल्स चालू, शक्यतो कर्णबधिरांसाठीची. त्यांत पावलांचा आवाज, दारावरची थाप, संगीत बदलल्याची सूचना असं सगळं लिहून येतं. जाणकार याला रसभंग म्हणतील. आपल्याला सध्या तोच हवाय.
- सोबत एकच माणूस, ज्याने तो सिनेमा आधी पाहिलाय आणि ज्याला गप्प बसता येतं. "आता बघ हं, आता येईल!" म्हणणारा मित्र नको.

सिनेमा निवडताना `wheresthejump.com` बघा. तिथे सिनेमाचं नाव टाकलं की दचक्याच्या जागा तास-मिनिटांसकट मिळतात. `doesthedogdie.com` वर लहान मुलाला इजा होते का, कुणी गुदमरतं का, प्राणी मरतो का, असे प्रश्न आणि प्रेक्षकांची उत्तरं असतात. आणि IMDb वर प्रत्येक सिनेमाच्या पानात Parents Guide असतं. त्यातले 'Violence & Gore' आणि 'Frightening & Intense Scenes' हे दोन भाग वाचा. सिनेमा हिंदी-मराठी असेल तर पहिल्या दोन ठिकाणी माहिती मिळेलच असं नाही, तिसऱ्या ठिकाणी बहुधा मिळते.

आपल्याकडच्या प्रमाणपत्रावर फार विसंबू नका. यूएचे आता सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे गट झाले आहेत, ते ठीकच आहे. पण त्यातून वय कळतं, भीतीची जात कळत नाही.

एक सापळा इथेच सांगतो, कारण तो सिनेमा लावायच्या आधीच लागतो. "थोडीशी झलक बघू" म्हणून मोबाइलवर भयपटातली तुकडा-दृश्यं बघू नका. तुकड्यात फक्त दचका आणि चेहरा असतो. त्याच्या आधीची गोष्ट नसते, नंतरची सुटकाही नसते. दोन तासांच्या सिनेमातला सर्वांत वाईट अर्धा मिनिट तेवढा उचलून तुम्ही झोपायला घेऊन जाता.

३. पहिली पायरी: नुसता ताण

इथे 'द अदर्स' घ्या. २००१ चा सिनेमा, दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार, मुख्य भूमिकेत निकोल किडमन. रक्त जवळजवळ नाही, दचके मोजके, लांबी पावणेदोन तासांच्या आसपास.

गोष्ट १९४५ सालची, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावरची. एक आई, तिची दोन मुलं, धुक्यात बुडालेलं मोठं घर. मुलांना उजेड सोसत नाही असा आजार, म्हणून सगळे पडदे कायम ओढलेले. घराचा नियम असा की आधीचं दार किल्लीने बंद केल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. नवीन नोकरमाणसांना आई हा नियम समजावून सांगते ते दृश्य नीट ऐका, कारण सिनेमाची सगळी भीती त्याच नियमावर उभी आहे. जे दार बंद केलं होतं ते उघडं दिसणं, एवढंच पुढे घडतं, आणि तेवढ्याने तुमच्या हाताला घाम येतो.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच न करता बघा. मग रात्री बंद खोलीतून पियानो ऐकू येतो. आई बंदूक घेऊन आत जाते, खोली रिकामी असते. ती पियानो बंद करते, कुलूप लावते, बाहेर येते. इथे आवाज दोन घरं कमी करा, कारण दार एकदा जोरात आपटणार आहे. मध्यानंतर दुसरी जागा येते. मुलगी पांढरा पोशाख घालून, डोक्यावर जाळीदार वस्त्र घेऊन, पाठमोरी जमिनीवर बसून कळसूत्री बाहुलीशी खेळत असते. आई जवळ जाते आणि तिचं लक्ष मुलीच्या हाताकडे जातं. पुढचं सांगत नाही. पण त्या हातापर्यंत डोळे उघडे ठेवा.

डोळ्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. घाबरल्यावर आपण डोळे मिटतो आणि कान उघडे ठेवतो. त्यात घाटा आहे. पडद्यावर दाखवलेली गोष्ट कितीही वाईट असली तरी तिला एक आकार असतो. मिटलेल्या डोळ्यांमागे तुम्ही जे बनवता त्याला आकार नसतो, आणि संगीत तर चालूच असतं. म्हणून उलट करा: आवाज कमी करा, डोळे उघडे ठेवा. अगदीच अशक्य झालं तर पडद्याच्या मध्याकडे न बघता एखाद्या कोपऱ्याकडे बघा, खिडकीच्या चौकटीकडे वगैरे.

दुसरी गोष्ट, सिनेमा मध्येच सोडायचा नाही. सोडलात तर ताण सर्वांत वर असतानाच तुम्ही उठलात, आणि मग उरलेली गोष्ट रात्री डोकं स्वतःच रचत बसतं. विश्रांती हवी असेल तर दृश्य बदलून दिवसाउजेडाचं किंवा जेवणाच्या टेबलावरचं दृश्य आलं की थांबवा. चहा करा, परत या. फारच झालं तर विकिपीडियावर शेवट वाचा आणि मग उरलेला बघा. रसभंग होईल, पण सिनेमा पुरा होईल.

'द अदर्स' संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची पहिली पंधरा मिनिटं परत बघा. शेवट माहीत असताना तीच वाक्यं पूर्णपणे वेगळी लागतात आणि भीतीच्या जागी कुतूहल येतं. हा सराव प्रत्येक पायरीवर करा.

हेही जड वाटलं तर एक पायरी खाली उतरायला हरकत नाही. कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९) किंवा आपला काशिनाथ घाणेकर-आशा काळेंचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) बघा. दोन्हींत गाणी आहेत, त्यामुळे ताण फार साचत नाही. 'आयेगा आनेवाला' मात्र रात्री एकटं असताना लावू नका, ते सिनेमापेक्षा जास्त लागतं.

पुढच्या पायरीला कधी जायचं? सिनेमा आठवताना गोष्ट आठवत असेल, म्हणजे ती आई असं का वागली वगैरे, तर पुढे जा. एखादंच चित्र न बोलावता सारखं डोळ्यांपुढे येत असेल आणि ते काही रात्री टिकत असेल तर याच पायरीवरचा दुसरा सिनेमा बघा.

४. दुसरी पायरी: दचका कसा घडवतात ते शिकणं

इथे बरेच जण भयविनोदी सिनेमा सुचवतात. 'स्त्री' बघ, 'मुंज्या' बघ, हसत हसत सवय होईल. मला हे पटत नाही. सिनेमे मजेदार आहेत, प्रश्न तो नाही. त्यांत दचका दिला की लगेच विनोद येतो आणि भीती तिथल्या तिथे विरते. तुम्हाला भीतीत दोन मिनिटं बसून राहायची सवय हवीय, ती त्यांतून होत नाही. शिवाय दचक्यांची संख्या त्यांत भरपूर असते. करमणूक म्हणून जरूर बघा, सराव म्हणून नको.

सरावाला १९४२ चा 'कॅट पीपल' घ्या. कृष्णधवल, जेमतेम सव्वा तासाचा. निर्माता वाल लूटन, दिग्दर्शक जाक तूरनर. स्टुडिओने पैसे कमी दिले होते, त्यामुळे श्वापद दाखवणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी अंधार आणि आवाज यांवरच काम भागवलं.

त्यातलं एक दृश्य भयपटाच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवावं असं आहे. रात्री एक बाई बागेच्या कडेच्या रस्त्याने एकटी चालली आहे. तिच्या टाचांचा आवाज. मागून दुसऱ्या टाचांचा आवाज. दिव्याखालचा उजेड, मग अंधार, पुन्हा उजेड. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. ती वळून बघते, कुणी नाही. ती भराभर चालू लागते, जवळजवळ पळतेच. आणि एकदम बाजूने फिस्स करून काहीतरी पडद्यात घुसतं. बस. थांब्यावर आलेली साधी बस, तिच्या ब्रेकचा आवाज. या युक्तीला आजही सिनेमावाले 'लूटन बस' म्हणतात.

हे दृश्य तीन-चार वेळा मागे घेऊन बघा आणि त्यातले टप्पे ओळखा. आधी आवाजाची एक लय लावून देतात. मग ती लय तोडतात, म्हणजे शांतता. मग पात्राच्या शेजारी पडद्यावर रिकामी जागा ठेवतात, आणि आपली नजर आपोआप तिकडे जाते. मग आवाज. आजच्या सिनेमात यात आणखी एक डाव असतो: आधी एक खोटा दचका, म्हणजे मांजर किंवा मित्राने खांद्यावर ठेवलेला हात. पात्र हसतं, तुम्ही श्वास सोडता, आणि खरा दचका तेव्हा येतो. संगीत थांबलं, चेहऱ्याशेजारी जागा रिकामी राहिली, की रिमोटवर बोट ठेवायचं. काही सिनेमांनंतर बोट ठेवायची गरज उरत नाही, दचका येण्याआधीच तुम्ही त्याची वाट बघायला लागता.

त्यानंतर 'द हॉन्टिंग', १९६३ चा. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. या गृहस्थाला दिग्दर्शनाची पहिली संधी लूटननेच दिली होती, आणि ते शिक्षण इथे पदोपदी दिसतं. शोधताना वर्ष तपासून घ्या, कारण १९९९ मध्ये याच नावाचा रंगीत सिनेमा आला, त्यात संगणकावर बनवलेली भुतं भरली आहेत आणि तो आपल्या कामाचा नाही.

१९६३ च्या सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. दोन बायका रात्री खोलीत आहेत आणि बाहेरून कुणीतरी भिंतींवर धडाधडा मारत जवळ येतंय, एवढंच एक दृश्य आहे. पुढे एका ठिकाणी बंद लाकडी दार मधोमध फुगून आत येतं, जणू पलीकडून कुणी अंग टेकलंय. माझी मामेबहीण माझ्यासोबत हे बघत होती. पाय सोफ्यावर घेऊन बसलेली. दार फुगलं तशी म्हणाली, "दादा, भूत राहू दे, आधी ते लाकूड कसं वाकवलं ते सांग." लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवलेलं दार होतं, मागून माणसं ढकलत होती. मी सांगितल्यावर तिने तेवढा भाग मागे घ्यायला लावला आणि पाय खाली सोडले.

'हे कसं केलं असेल' हा प्रश्न मनात आला की भीतीची पकड सैल होते. तो मुद्दाम विचारायची सवय लावा. पण पहिल्यांदा बघताना नव्हे, दुसऱ्यांदा. पहिल्यांदाच विचारत बसलात तर सिनेमा बघितलाच नाही असं होईल.

५. तिसरी पायरी: मनाच्या आतली भीती

आतापर्यंत भीती घरात होती. आता ती माणसात आहे. इथे मल्याळम 'भूतकालम्' (२०२२) माझ्या मते सर्वांत चांगला. दिग्दर्शक राहुल सदाशिवन, रेवती आईच्या भूमिकेत आणि शेन निगम मुलाच्या. भाड्याच्या साध्या घरात आई, मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी राहतात. आजी जाते. आईला नैराश्याचा आजार आहे, मुलाला नोकरी मिळत नाहीये, दोघांचं पटत नाही. मुलाला घरात काहीतरी जाणवायला लागतं, आणि ऐकणारे सगळे म्हणतात की याच्या मनावर परिणाम झालाय. बराच वेळ आपणही ठरवू शकत नाही.

हा सिनेमा मूळ मल्याळममध्ये, सबटायटल्स लावून बघा. रेवतीच्या आवाजातला थकवा दुसऱ्या आवाजात येत नाही. पहिला मोठा भाग फार हळू चालतो, जवळजवळ कौटुंबिक सिनेमासारखा. शेवटचा सुमारे अर्धा तास मात्र वेगळा आहे: अंधार, बंद घर, ताण आणि दचके एकत्र. म्हणूनच हा तिसऱ्या पायरीवर आहे, दुसऱ्या पायरीचा सराव इथे लागतो. तो भाग सुरू होण्याआधी थोडं थांबून दिवा लावायला हरकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरात नुकतं कुणी गेलं असेल, किंवा तुम्ही स्वतः नैराश्यातून जात असाल, तर हा सिनेमा आत्ता नको. दचका दोन सेकंदांत ओसरतो, पण हा सिनेमा जिथे दुखतंय तिथेच बोट ठेवतो. मानसिक भयपटाला लोक सौम्य समजतात, कारण दिसायला काही नसतं. ज्याच्या आयुष्याशी तो जुळतो त्याला तोच सर्वांत जड जातो. निवडताना विषय काय आहे ते वाचा: मूल गमावणं, गर्भारपण, छळ, वेड लागणं. उदाहरणच द्यायचं तर आपला उसाच्या शेतातला 'लपाछपी' (२०१७) चांगला सिनेमा आहे, पण घरात कुणाला दिवस गेले असतील तर त्यांना दाखवू नका.

'भूतकालम्'नंतर राम गोपाल वर्मांचा 'कौन?' (१९९९). एक घर, बाहेर पाऊस, आत एकटी ऊर्मिला मातोंडकर, दारात मनोज बाजपेयी. एकही गाणं नाही. पार्श्वसंगीत भयंकर मोठं आहे, ते नेहमीपेक्षा कमीच ठेवा. घंटा वाजत राहते आणि दार उघडायचं की नाही एवढ्यावर कितीतरी वेळ सिनेमा तोलून धरलाय. शेवटाकडे चाकू आहे आणि थोडं रक्त आहे. ते रक्त इथे मुद्दाम येऊ दिलंय, कारण पुढची पायरी त्याची आहे.

६. चौथी पायरी: रक्त आणि शरीर

आधी शरीराचं. साध्या भीतीत छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, म्हणून सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांत उलटं होतं: आधी ठोके वाढतात आणि मग रक्तदाब एकदम खाली येतो. अशा माणसाला "दीर्घ श्वास घे, सैल सोड" हा सल्ला उपयोगाचा नाही. त्याने उलट अंग आवळायचं. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट धरायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं, आणि असं चार-पाच वेळा. हा सराव सिनेमा लावण्याआधी करून ठेवा. तरीही अंधारी आलीच तर आडवे व्हा आणि पाय उशीवर घ्या. इंजेक्शन घेतानाही तुम्ही पडत असाल तर ही पायरी डॉक्टरांशी बोलून करा, किंवा करूच नका. तिसऱ्या पायरीपर्यंतचेच भयपट आयुष्यभर पुरतील एवढे आहेत.

ज्यांना चक्कर येत नाही, फक्त किळस येते, त्यांनी 'तुंबाड' (२०१८) घ्यावा. राही अनिल बर्वेंचा. सतत पाऊस, वाडा, आणि सोन्याच्या मोहरांचा लोभ. यात ओंगळ दृश्यं आहेत, पण ती गोष्टीतून उगवतात, दाखवायची म्हणून दाखवलेली नाहीत.

मराठी माणसाला हा सिनेमा जरा जास्तच लागतो, कारण त्यातलं सगळं ओळखीचं आहे. पहिल्या भागात साखळीने बांधलेली म्हातारी आहे, तिला खाऊ घालायचं काम आहे, आणि एका रात्री ते लहान मुलाच्या अंगावर येतं. दिवसाच बघा असा माझा आग्रह या भागासाठी आहे. ती म्हातारी पुढे पुन्हा एकदा दिसते, त्या वेळी तिच्या शरीरातून झाड उगवलेलं असतं. ते दृश्य लांबतं. तिसरी जागा विहिरीच्या तळाची: लालभडक मांसल भिंती, जमिनीवर पिठाचं रिंगण, हातात कणकेची बाहुली. खाली उतरलेल्या सावकाराचं जे होतं ते सिनेमातलं सर्वांत चित्रमय दृश्य आहे.

अशा दृश्यांसाठी माझी रीत अशी: दृश्याचं वर्णन आधी वाचायचं. मग आवाज पूर्ण बंद करून ते एकदा बघायचं. किळसेचा निम्मा भाग आवाजात असतो, चपचप, करकर, ओलसर काहीतरी. आवाज काढला की रबर आणि रंग दिसायला लागतात. मग मागे जाऊन आवाजासकट बघायचं. 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या खुनातलं रक्त चॉकलेटचं सिरप होतं, कृष्णधवलमध्ये ते चांगलं दिसायचं. हे एकदा माहीत झालं की ते दृश्य बघताना हात पोटावर जात नाही.

'तुंबाड' पचला की 'एलियन' (१९७९). सुमारे तासाभराने जेवणाच्या टेबलावरचं ते प्रसिद्ध दृश्य येतं. जॉन हर्टच्या छातीतून काहीतरी बाहेर पडणार हे बाकीच्या नटांना ठाऊक होतं, पण रक्त किती उडेल याची त्यांना कल्पना नव्हती. व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर ते उडतं तेव्हाची तिची किंकाळी खरी आहे. टेबलावर खाणं सुरू होताच आवाज कमी करा. ते दृश्य झालं की रक्ताची सर्वांत मोठी जागा मागे पडली, पुढे बहुतेक ताणच आहे, आणि ताणात तुम्ही आता मुरलेले आहात.

यानंतर मित्र 'हेरेडिटरी' (२०१८) सुचवतील आणि "अरे, तो तर मानसिक आहे" असं म्हणतील. ते अर्धंच खरं आहे. कुटुंबातल्या दुःखाचा सिनेमा आहे, हळू चालतो, पण पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात गाडीतला एक अपघात आहे. त्यानंतर कॅमेरा कितीतरी वेळ त्या मुलाच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि मग रस्त्याकडेला काय पडलंय ते भर उन्हात जवळून दाखवतात. म्हणून हा सिनेमा तिसऱ्या पायरीवर ठेवू नका, 'एलियन'नंतरच घ्या. लावण्याआधी Parents Guide मधला 'Violence & Gore' भाग शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि त्या दिवशी रात्री गाडी चालवायची असेल तर दुसरा दिवस निवडा.